गोल घुमटाचा घुमट रुंदच राहावा म्हणून

विजापूरचा गोल घुमट बसक्या, भारदस्त बांध्याचा आहे. सुमारे 47.5 मीटर बाजूचा एक प्रचंड चौकोनी ठोकळा आणि त्यावर बाहेरून सुमारे 44 मीटर व्यासाचा घुमट. म्हणजे घुमटाने छपराची जवळजवळ सगळी रुंदी व्यापलेली आहे. चारही कोपऱ्यांवर अष्टकोनी, सात मजली मनोरे आहेत आणि प्रत्येक मजल्यावर कमानदार झरोके आहेत. 1656 साली निधन झालेल्या महंमद आदिलशहाची ही कबर. तिचा रचनाकार म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव सांगितलं जातं, त्यामुळे कोकणाशीही या वास्तूचं नातं जोडलं जातं.

आता हीच इमारत संगणकावर चित्रं तयार करणाऱ्या एखाद्या प्रणालीला नुसत्या शब्दांत सांगून पाहावी. ‘दख्खनमधली सतराव्या शतकातली कबर, मोठा घुमट, चार मनोरे, संध्याकाळचा प्रकाश’ एवढं वर्णन दिलं की काही सेकंदांत देखणं चित्र समोर येतं. दगड खरा वाटतो, प्रकाश सुंदर पडलेला असतो. पण घुमट बहुधा कांद्यासारखा फुगून वर निमुळता झालेला असतो, त्याची रुंदी इमारतीच्या निम्म्यावर आलेली असते आणि मनोरे सडपातळ होऊन मुख्य वास्तूपासून दूर जाऊन उभे राहिलेले असतात. थोडक्यात, विजापूर मागितलं आणि आग्र्याच्या वळणाचं काहीतरी मिळालं.

असं होण्याचं कारण सरळ आहे. ही मॉडेलं इंटरनेटवरच्या प्रचंड चित्रसंग्रहावर शिकलेली असतात आणि त्या संग्रहात ‘घुमट, चार मनोरे, कबर’ या शब्दांशेजारी ताजमहालाची छायाचित्रं अफाट संख्येने असतात. मॉडेलकडे इमारतीची मापं नसतात. कोणत्या शब्दाबरोबर कोणते आकार येतात, एवढाच अंदाज त्याच्याकडे असतो आणि तो अंदाज जास्त दिसलेल्या गोष्टीकडे झुकतो. वर्णन कितीही लांबवलं, ‘44 मीटर व्यासाचा घुमट’ असं आकड्यांत लिहिलं, तरी उपयोग होत नाही. शब्दांतल्या मीटरचं चित्रातल्या लांबीत रूपांतर करण्याची सोय त्यात नाही.

वास्तुरचनाकारांच्या कार्यालयात मात्र प्रमाण नेमकं सांगणारी एक गोष्ट कायम हाताशी असते. ती म्हणजे एलिव्हेशन, अर्थात इमारतीच्या एका बाजूचं समोरून काढलेलं, ठरावीक प्रमाणातलं रेखाचित्र. त्यात दूरचं लहान आणि जवळचं मोठं हा प्रकार नसतो. कागदावर दुप्पट लांब दिसणारी भिंत प्रत्यक्षातही दुप्पटच लांब असते. हेच रेखाचित्र मॉडेलला शब्दांच्या जोडीने दिलं, तर रंग, दगड, प्रकाश आणि आकाश मॉडेल आपल्या समजुतीने भरतं, पण घुमट किती रुंद आणि मनोरा किती उंच हे रेषा ठरवतात.

रेषेचा लगाम

हे ज्या तंत्रामुळे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं त्याचं नाव कंट्रोलनेट. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ल्वमिन झांग, अन्यी राव आणि मनीश अग्रवाला यांनी 2023 च्या फेब्रुवारीत त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्टेबल डिफ्यूजनसारखं मॉडेल चित्र कसं काढतं हे थोडं माहीत असलं की कंट्रोलनेट नेमकं कुठे हस्तक्षेप करतं ते समजतं.

ही मॉडेलं सुरुवात करतात ती निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून. वीस, तीस किंवा पन्नास टप्प्यांत हा गोंधळ थोडा थोडा कमी केला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर मॉडेल ठरवतं, की दिलेल्या शब्दांना जुळेल असं चित्र या गोंधळातून कसं निघेल. पहिल्या काही टप्प्यांत मोठी रचना ठरते, म्हणजे आकाश कुठे, इमारत कुठे आणि तिचा ढोबळ आकार कोणता. पोत, झरोक्यांची कड, दगडांचे सांधे या गोष्टी शेवटच्या टप्प्यांत येतात. घुमट अरुंद होणार की रुंद, हे पहिल्या चतुर्थांशातच जवळपास नक्की झालेलं असतं.

कंट्रोलनेटमध्ये मूळ मॉडेलला हात लावत नाहीत, ते जसंच्या तसं गोठवून ठेवतात. त्याच्या अर्ध्या भागाची एक प्रत काढतात आणि त्या प्रतीला रेषा आणि छायाचित्रं यांच्या जोड्या दाखवून शिकवतात. अशी रेषा असेल तर तिथे अशी कड येते, हे ती प्रत शिकते. चित्र तयार होत असताना प्रत्येक टप्प्यावर ही प्रत मूळ मॉडेलला दुरुस्त्या पुरवत राहते. शिकवणीच्या सुरुवातीला या दुरुस्त्या शून्य असतात आणि हळूहळू वाढतात. त्यामुळे मूळ मॉडेलने शिकलेलं बिघडत नाही. दगड कसा दिसतो हे त्याला आधीसारखंच माहीत असतं, आता तो कुठे असायला हवा हेही कळतं.

या शिकवणीतला एक तपशील एलिव्हेशन वापरणाऱ्याने नीट लक्षात ठेवावा असा आहे. शिकवण्यासाठीच्या रेषा माणसांनी काढलेल्या नव्हत्या. छायाचित्रांवर कडा शोधणारा प्रोग्रॅम चालवून त्या मिळवल्या होत्या. जॉन कॅनी यांनी 1986 साली मांडलेली कडा शोधण्याची पद्धत त्यासाठी वापरली आणि तिची संवेदनशीलता मुद्दाम कमीजास्त ठेवली. त्यामुळे कित्येक जोड्यांमध्ये छायाचित्रात बारीक नक्षी होती, पण रेषांच्या चित्रात ती जागा मोकळी होती. मॉडेलने त्यातून असा धडा घेतला की रेषा आहे तिथे कड हवीच, पण रेषा नाही तिथे काहीही असू शकतं. वास्तुरचनाकाराच्या लेखी कोरी जागा म्हणजे साधी भिंत. मॉडेलच्या लेखी कोरी जागा म्हणजे मोकळीक. पुढच्या बऱ्याच चुका या एका फरकातून जन्माला येतात.

रेखाचित्र तयार करताना

गोल घुमटाच्या बाबतीत सुरुवात सोपी आहे, कारण या वास्तूची मापं घेऊन रेखाचित्रं काढण्याचं काम दीडशेहून अधिक वर्षांपासून चालत आलं आहे. कॅप्टन हार्ट आणि कमिंग यांच्या रेखाचित्रांवर आधारलेला विजापूरच्या वास्तुकलेवरचा मोठा ग्रंथ 1866 मध्ये निघाला. त्याला मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचं लेखन होतं. पुढे 1916 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझेन्स यांचा विजापूरच्या वास्तूंवरचा ग्रंथ आला. अशा मोजून काढलेल्या चित्रांवरून दर्शनी बाजूचं स्वच्छ रेखाचित्र तयार करता येतं.

स्वच्छ म्हणजे काय, हे महत्त्वाचं आहे. छापील एलिव्हेशनमध्ये इमारतीखेरीज बरंच काही असतं. मापं लिहिलेल्या आडव्या-उभ्या रेषा, त्यांच्या टोकांचे बाण, मधोमध जाणारी तुटक अक्षरेषा, खाली शीर्षक आणि मापपट्टी. वास्तुरचनाकाराच्या डोळ्याला हे इमारतीपासून आपोआप वेगळं दिसतं. मॉडेलला दिसत नाही. मापाची रेषा ठेवली तर तिथे विजेची तार किंवा खांब उगवतो, अक्षरेषेचा झेंड्याचा दांडा होतो आणि शीर्षकाच्या जागी न वाचता येणारी अक्षरं कोरलेला दगड येतो. सावली दाखवण्यासाठी मारलेल्या तिरक्या रेघा तर हमखास पट्ट्यापट्ट्यांची भिंत तयार करतात. म्हणून पहिलं काम म्हणजे इमारतीच्या कडा सोडून सगळं पुसणं. मापपट्टी पुसण्याआधी तिच्यावरून मापं मात्र नोंदवून ठेवायची, ती शेवटी तपासणीला लागतात.

पुस्तकातून मोबाइलवर फोटो काढला असेल तर आणखी एक धोका असतो. पान जरा वाकलेलं असतं, कॅमेरा जरा तिरका असतो आणि उभ्या भिंती वरच्या बाजूला किंचित जवळ येतात. डोळ्याला हे जाणवत नाही, पण मॉडेल ती चूक इमानाने पाळतं. सपाट स्कॅन केलेलं बरं. स्कॅनवरही आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांना एकेक ज्ञात माप ताडून पाहावं, कारण जुना कागद सगळ्या दिशांनी सारखा आक्रसत नाही.

पुढचा प्रश्न हा, की हे रेखाचित्र मॉडेलला कोणत्या रूपात द्यायचं. कंट्रोलनेटची रेषांवर चालणारी मॉडेलं काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा अपेक्षित धरतात, तर वास्तुरचनाकार पांढऱ्या कागदावर काळ्या रेषा काढतात. प्रचलित साधनांमध्ये चित्र आत घेताना एक पूर्वप्रक्रिया निवडावी लागते आणि नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. यादीत `canny` हा पर्याय ठळक दिसतो आणि त्याचं नावही प्रसिद्ध आहे, म्हणून तो निवडला जातो. पण कॅनीची पद्धत छायाचित्रासाठी आहे. ती उजेड आणि अंधार यांच्यामधली हद्द शोधते. तीन पिक्सेल जाडीच्या काळ्या रेषेला अशा दोन हद्दी असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्यामुळे भिंतीची एक कड दोन समांतर रेषा होऊन बाहेर पडते आणि चित्रात त्या जागी बारीक पट्टी किंवा पाण्याचा पाइप उभा राहतो. घुमटाच्या कडेने काठासारखी एक पट्टी आलेली दिसली तर कारण हेच समजावं.

`mlsd` हा दुसरा पर्याय फक्त सरळ रेषा पकडतो. काचेच्या चौकोनी कार्यालयीन इमारतीला तो उत्तम आहे. गोल घुमटाला लावला तर छज्जा आणि भिंती उरतील, पण घुमट आणि कमानी पुसल्या जातील आणि ज्यासाठी हा खटाटोप आहे तेच हातचं जाईल. तयार रेखाचित्र हाती असताना कडा शोधण्याची गरजच नसते, रेषा आधीच काढलेल्या आहेत. त्या फक्त उलट रंगात द्यायच्या. त्यासाठी `invert (from white bg & black line)` हा पर्याय आहे आणि त्याच्या जोडीला `lineart` प्रकारचं मॉडेल वापरायचं.

मापांचा हिशेब

समजा, चित्राची चौकट 1024 गुणिले 1024 पिक्सेलची ठेवली आणि एका मीटरला 12 पिक्सेल असं प्रमाण धरलं. मग 47.5 मीटरचा ठोकळा 570 पिक्सेल रुंद येतो आणि 44 मीटरचा घुमट 528 पिक्सेल. दोन्ही बाजूंना मनोरे आणि वर आकाश यांना पुरेशी जागा उरते. 528 भागिले 570 म्हणजे सुमारे 0.93. या इमारतीची ओळख ठरवणारा हा आकडा आहे.

रेखाचित्र आधीपासून नेमक्या याच चौकटीत बसवून घेणं शहाणपणाचं. तसं न करता वेगळ्या आकाराचं चित्र दिलं तर ते चौकटीत कसं बसवायचं हे साधन ठरवतं. त्यासाठी सहसा तीन पर्याय असतात: `Just Resize`, `Crop and Resize` आणि `Resize and Fill`. यातला पहिला सर्वांत घातक. 1500 गुणिले 1000 पिक्सेलचं आडवं रेखाचित्र त्याने चौरसात घातलं, तर रुंदी 1024 वर दाबली जाते आणि उंची 1024 पर्यंत ताणली जाते. इमारत रुंदीच्या मानाने दीडपट उंच होते आणि गोलसर घुमट अंड्यासारखा उभट दिसू लागतो. मॉडेलने इथे काहीच चूक केलेली नसते, त्याने दिलेल्या रेषा तंतोतंत पाळलेल्या असतात.

या चुकीचा कावा असा, की वर सांगितलेली रुंदीची तपासणी तिला पकडत नाही. घुमटाची आणि ठोकळ्याची रुंदी सारख्याच प्रमाणात दाबली गेल्यामुळे भागाकार 0.93 च येतो. म्हणून एखादं तरी आडवं माप एखाद्या उभ्या मापाशी ताडावंच लागतं. रेखाचित्रात छज्जा जमिनीपासून जितक्या पिक्सेलवर आहे, तितक्याच पिक्सेलवर तो तयार चित्रातही आला का, हे पाहिलं की ताण लगेच उघडा पडतो.

बारकाव्यांची मर्यादाही याच हिशेबातून कळते. स्टेबल डिफ्यूजन थेट पिक्सेलवर काम करत नाही. ते चित्राच्या आठपट आक्रसलेल्या रूपावर काम करतं आणि शेवटी ते उलगडून पूर्ण आकाराचं चित्र बनवतं. 1024 चं चित्र आतून 128 गुणिले 128 घरांची जाळी असते. आपल्या प्रमाणात एक घर म्हणजे आठ पिक्सेल, म्हणजेच प्रत्यक्षातले सुमारे 67 सेंटिमीटर. छज्ज्याखालचे दगडी आधार आणि कठड्यावरचे कंगोरे यांच्यामधली अंतरं जवळपास या मापाच्या आसपास आली की मॉडेल ते एकेक करून मोजत नाही, ‘इथे काहीतरी दातेरी आहे’ एवढंच धरतं. मग आधारांची संख्या बदलते, दोन कंगोरे एकमेकांत विरघळतात. घुमट आणि मनोरे अगदी बरोबर असूनही कठडा चुकलेला असणं हे नेहमीचं दृश्य आहे आणि लगाम कितीही आवळला तरी ते सुटत नाही. त्यावर इलाज म्हणजे कठड्याचा तेवढाच पट्टा मोठ्या प्रमाणात वेगळा तयार करून मूळ चित्रात बसवणं.

लगाम किती आवळावा

रेषांचा प्रभाव किती असावा हे `Control Weight` या आकड्याने ठरतं. तो 1 च्या आसपास ठेवून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. आकडा 0.5 च्या खाली गेला की मॉडेलच्या सवयी डोकं वर काढतात. रुंदी रेषांजवळ राहते, पण घुमटाचा माथा हळूच टोकदार होतो आणि मनोऱ्यावरच्या सात मजल्यांचे सहा किंवा आठ होतात. उलट आकडा दीडच्या वर नेला तर चित्र सपाट आणि रेखाटल्यासारखं दिसतं, कडांना काळी किनार येते आणि दगड दगडासारखा वाटत नाही.

त्याच्याच शेजारी `Starting Control Step` आणि `Ending Control Step` हे दोन आकडे असतात. एकूण टप्प्यांपैकी कुठपासून कुठपर्यंत रेषांनी मार्गदर्शन करायचं हे त्यांतून ठरतं. मोठी रचना सुरुवातीलाच ठरत असल्याने पहिला आकडा शून्यच हवा. तो 0.2 केला तर पहिल्या पाचव्या हिश्श्यात मॉडेल आपल्या मनाचा घुमट उभा करून मोकळं होतं आणि रेषा नंतर येऊन त्याच्याशी भांडत बसतात. परिणामी एका घुमटामागे दुसऱ्याची सावली दिसते. शेवटचा आकडा 0.8 च्या सुमारास ठेवता येतो. तोवर प्रमाणं पक्की झालेली असतात आणि शेवटच्या टप्प्यांत मॉडेलला दगडाचा पोत मोकळेपणाने भरता येतो. तो 0.4 वर आणला तर घुमट टिकतो, पण मनोऱ्यांवरचे झरोके सरकू लागतात.

शब्दांचं कामही आता बदलतं. आकार रेषा सांगतात, म्हणून शब्दांत आकार सांगायचा नाही. विशेषतः रेषांच्या विरुद्ध ओढणारे शब्द टाळायचे. ‘मुघल’ हा शब्द आला की पांढरा संगमरवर आणि कांद्यासारखा घुमट त्याच्यासोबत येतात. ‘मिनार’ म्हटलं की मनोरे बारीक व्हायला बघतात. सांगायचं ते साहित्य, प्रकाश आणि पाहण्याची दिशा. उदाहरणार्थ:

```
front elevation view, straight-on, dark grey basalt
masonry, weathered lime plaster on hemispherical dome,
plain wall surfaces, soft evening light, clear sky
```

यातला `plain wall surfaces` हा तुकडा कोऱ्या भिंतींसाठी आहे. रेखाचित्रातली मोकळी जागा मॉडेल जाळ्यांनी आणि कोरीव पट्ट्यांनी भरतं, त्याला एवढ्या शब्दांनी बराच आळा बसतो. `straight-on` हे शब्द दुसऱ्या एका ओढीविरुद्ध आहेत. एलिव्हेशनमध्ये खोली नसते आणि मॉडेलने पाहिलेल्या बहुतेक छायाचित्रांत ती असते. इमारत रेषांमुळे सरळ समोरून उभी राहते, पण तिच्यापुढचा रस्ता मात्र दूर जाऊन निमुळता होतो. एकाच चित्रात दोन वेगवेगळ्या नजरा आल्यामुळे इमारत मागे उभ्या केलेल्या नाटकाच्या पडद्यासारखी वाटते. पुढचा भाग साध्या मोकळ्या जमिनीचा ठेवला की हे खटकणं कमी होतं.

खोली नसण्याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. गोल घुमटाच्या भिंतीच्या वरच्या भागात पुढे आलेला मोठा छज्जा आहे आणि त्याच्यावर लहान कमानींची रांग आहे. एलिव्हेशनमध्ये छज्जा म्हणजे फक्त काही आडव्या रेषा. त्या भिंतीबाहेर आलेल्या आहेत, की भिंतीवरच काढलेला पट्टा आहे, की आत गेलेली खाच आहे, हे रेषा सांगत नाहीत. मॉडेल अंदाज करतं आणि अनेकदा छज्ज्याचा नुसता रंगवलेला पट्टा होतो. त्याच्या खाली सावलीच पडत नाही. प्रमाण बरोबर आणि इमारत चूक, असा हा प्रकार आहे.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे रेषांच्या जोडीला खोलीचा नकाशा देणं. हे एक करड्या छटांचं चित्र असतं, त्यात पुढे आलेला भाग उजळ आणि मागे गेलेला भाग गडद असतो. कंट्रोलनेटचं खोलीवर चालणारं मॉडेल वेगळं आहे आणि दोन्ही एकाच वेळी चालवता येतात. गोल घुमटासाठी असा नकाशा हाताने रंगवणंही अवघड नाही. छज्जा सर्वांत उजळ, मनोरे त्याखालोखाल, भिंत मध्यम, कमानींचे कोनाडे गडद आणि मागे सरकत जाणारा घुमट कडांकडे आणखी गडद. दुसरा उपाय जुना आहे. एलिव्हेशनवर ठरावीक कोनातून पडणाऱ्या सावल्या भरण्याची रीत वास्तुकलेच्या शिक्षणात पूर्वापार चालत आलेली आहे. सावल्या भरलेलं ते चित्र सुरुवातीचं चित्र म्हणून दिलं आणि रेषांचा लगाम वर ठेवला, तर मॉडेल त्या सावल्या उचलतं.

तपासणी कशी करायची

तयार चित्र देखणं असतं आणि देखणेपणा डोळ्याला फसवतो. म्हणून ते नुसतं पाहून पास करायचं नाही. सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे मूळ रेखाचित्र लाल रंगात करून तयार चित्रावर ठेवणं. गिम्प, क्रिटा किंवा फोटोशॉप, कशातही दोन थरांत हे होतं. लाल रेषा दगडाच्या कडांवर बसल्या पाहिजेत. दोन-चार पिक्सेलचा फरक चालतो. आपल्या प्रमाणात तो प्रत्यक्षातल्या 17 ते 33 सेंटिमीटरचा आहे. फरक आठ पिक्सेलच्या, म्हणजे जाळीच्या एका घराच्या पुढे गेला, तर त्या जागी मॉडेलने रेषा सोडली असं समजावं. घुमट 528 ऐवजी 470 पिक्सेल भरला, तर त्याचा अर्थ तो जवळपास पाच मीटरने आक्रसला.

मग मोजणी. मनोऱ्यावर सात मजले आहेत का? दोन्ही मनोऱ्यांवर झरोके एकाच पातळीत आहेत का? भिंतीवरच्या उंच कमानी तीनच आहेत का? ठोकळ्याच्या कडा मनोऱ्यांमागे झाकल्या जात असल्याने त्यांच्या जागा रेखाचित्रावर आधीच खुणावून ठेवाव्या लागतात, नाहीतर मनोऱ्याच्या बाहेरच्या कडेपासून मोजमाप होतं आणि भागाकार चुकतो.

तिसरी तपासणी फारशी कोणी करत नाही, पण तिच्यातून सर्वांत जास्त कळतं. तेच रेखाचित्र, तेच शब्द आणि तेच आकडे ठेवून फक्त सुरुवातीचा ठिपक्यांचा गोंधळ बदलायचा आणि चार चित्रं काढायची. गोंधळ ठरवणाऱ्या आकड्याला `Seed` म्हणतात. चारही चित्रं एकावर एक ठेवली की जे सगळीकडे सारखं आहे ते रेखाचित्रातून आलेलं असतं आणि जे प्रत्येक चित्रात वेगळं आहे ते मॉडेलच्या मनचं असतं. घुमटाची कड चारही चित्रांत एकाच जागी येते. घुमटाच्या तळाशी असलेल्या मोठ्या पाकळ्या एका चित्रात कमळाच्या, दुसऱ्यात पानांच्या आणि तिसऱ्यात नुसत्या कंगोऱ्यांच्या झाल्या, तर रेखाचित्रात त्या पुरेशा स्पष्ट काढलेल्या नाहीत हे कळतं. मग आकडे बदलत न बसता रेखाचित्राकडे परत जाऊन पाकळ्या नीट काढायच्या.

चित्र मोठं करताना ही सगळी मेहनत वाया जाऊ शकते. छपाईसाठी 1024 चं चित्र चौपट मोठं करणारी साधनं तपशील भरताना पुन्हा अंदाजच करतात, आणि तेव्हा रेषांचं मार्गदर्शन बंद असेल तर झरोके आकार बदलतात. मोठं करतानाही तेच रेखाचित्र जोडून ठेवावं लागतं आणि लाल रेषांची तपासणी मोठ्या चित्रावर पुन्हा करावी लागते.

रेषा नसेल तिथे

विजापुरातच या पद्धतीची हद्द दाखवणारी दुसरी इमारत उभी आहे. महंमद आदिलशहाचा मुलगा दुसरा अली आदिलशहा याची कबर, म्हणजे बारा कमान, कधीच पुरी झाली नाही. काळ्या दगडाच्या उंच कमानी आकाशाखाली उघड्या उभ्या आहेत. जे उभं आहे त्याचं एलिव्हेशन मोजून काढता येतं आणि त्यावरून आजच्या स्थितीचं प्रमाणशुद्ध चित्र बनवता येतं. पण ‘ही पुरी झाली असती तर कशी दिसली असती’ असं विचारलं, की वरच्या भागासाठी रेषा कोणीतरी नव्याने काढावी लागते. मग चित्रातला वरचा भाग त्या माणसाचा तर्क असतो आणि खालचा भाग मोजमाप असतं. दोन्हीवर सारखाच दगड आणि सारखाच प्रकाश चढल्यामुळे पाहणाऱ्याला त्यांच्यातली हद्द दिसत नाही. असं चित्र प्रदर्शनात किंवा पाठ्यपुस्तकात लावायचं असेल, तर त्याच्या शेजारी मूळ रेखाचित्र छापून मोजलेल्या रेषा एका रंगात आणि कल्पिलेल्या रेषा दुसऱ्या रंगात दाखवणं गरजेचं आहे.

दुसरी हद्द कोनाची. एलिव्हेशन एकाच बाजूचं असतं. गोल घुमट कोपऱ्यातून पाहायचा म्हटलं तर दर्शनी बाजूच्या रेषा उपयोगाच्या नाहीत, कारण तिरक्या नजरेत प्रत्येक अंतर वेगळ्या प्रमाणात आक्रसतं. तिथे एलिव्हेशन आणि तळाचा आराखडा यांवरून संगणकावर साधा त्रिमितीय सांगाडा उभा करावा लागतो. ठोकळा, घुमट, चार अष्टकोनी मनोरे आणि छज्जा एवढं पुरतं, रंग किंवा पोत लागत नाही. हव्या त्या कोनातून त्या सांगाड्याच्या रेषा आणि खोलीचा नकाशा काढून घ्यायचा आणि पुढचं सगळं काम वर सांगितल्याप्रमाणेच करायचं. यात खोलीचा नकाशा आयता मिळतो आणि छज्जा पुढे आलेला आहे की नाही हा प्रश्नही तिथेच सुटतो. मात्र सांगाडा बनवताना छज्जा किती पुढे काढायचा हे माप समोरच्या एलिव्हेशनमध्ये सापडत नाही. त्यासाठी इमारतीचा उभा छेद दाखवणारं रेखाचित्र काढावं लागतं किंवा विजापूरला जाऊन टेप लावावी लागते.